निदानाविना कथन : रुग्णांसाठीच्या मराठी अहवाल-सारांशांची समीक्षा

प्रास्ताविक

रक्ततपासणीचा अहवाल हा मूलतः डॉक्टरांना उद्देशून तयार केलेला मजकूर आहे. तो इंग्रजीत असतो, कोष्टकात असतो आणि वाचणाऱ्याला त्या कोष्टकाची परिभाषा अवगत आहे असे गृहीत धरून छापलेला असतो. प्रत्यक्षात मात्र तो आधी रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या हाती पडतो. या विसंगतीतून अहवालाबरोबर मराठीत अर्ध्या पानाचा सारांश देण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते. आरोग्य शिबिरे, समुपदेशन केंद्रे, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे उपक्रम अशा ठिकाणी हा सारांश लिहिणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. म्हणून तिला एक अट घातलेली असते : आकडे आणि संदर्भ मर्यादा सांगाव्यात, निदान करू नये.

अट रास्त आहे. तथापि ती पाळली म्हणजे नेमके काय केले, याचा विचार फारसा झालेला आढळत नाही. रोगाचे नाव लिहिले नाही म्हणजे निदान केले नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सारांशात निदान शिरते ते रोगाच्या नावातून क्वचितच. ते शिरते क्रियापदातून, भाववाचक नामातून, विशेषणातून आणि कोणते आकडे शेजारी ठेवले यातून. त्यामुळे हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषेचाही आहे.

एक नमुना अहवाल

विवेचनासाठी एक नमुना घेऊ. हा अहवाल कोणा एका व्यक्तीचा नाही; तो मुद्दाम रचला आहे. मात्र त्यातील आकडे परस्परांशी जुळणारे आहेत आणि असे अहवाल प्रयोगशाळांतून नेहमी बाहेर पडतात. स्त्री, वय २४, गर्भवती नाही. तपासणी संपूर्ण रक्तगणनेची, म्हणजे ज्याला आपण सर्रास सी.बी.सी. म्हणतो तिची.

हिमोग्लोबिन ११.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर, छापलेली मर्यादा १२.० ते १५.०. लाल पेशींची संख्या प्रति मायक्रोलिटर ५.६० दशलक्ष, मर्यादा ३.८ ते ४.८. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या आकारमानात लाल पेशींचा वाटा, ३५.८ टक्के, मर्यादा ३६ ते ४६. लाल पेशीचे सरासरी आकारमान, अर्थात एम.सी.व्ही., ६४ फेम्टोलिटर, मर्यादा ८३ ते १०१. एका पेशीतील हिमोग्लोबिनचे सरासरी वजन, एम.सी.एच., २०.० पिकोग्रॅम, मर्यादा २७ ते ३२. पेशींतील हिमोग्लोबिनची संहती, एम.सी.एच.सी., ३१.३, मर्यादा ३१.५ ते ३४.५. पेशींच्या आकारातील तफावत दाखवणारा आर.डी.डब्ल्यू. १३.८ टक्के, मर्यादा ११.६ ते १४.०. पांढऱ्या पेशी ७,२०० आणि प्लेटलेट २ लाख ४५ हजार. दोन्ही मर्यादेच्या आत.

या अहवालावर ज्या प्रकारचा सारांश सर्वत्र लिहिला जातो, तो असा असतो :

"तुमचे हिमोग्लोबिन घटले आहे. लाल पेशी वाढल्या आहेत व त्यांचा आकार लहान झाला आहे. एकूण सहा तपासण्यांत दोष आढळला. रक्ताची कमतरता असल्याने लोहयुक्त आहार घ्यावा. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट नॉर्मल आहेत, त्यामुळे काळजीचे कारण नाही."

यात एकाही रोगाचे नाव नाही. लिहिणाऱ्याला आपण अट तंतोतंत पाळली असे प्रामाणिकपणे वाटत असणार. आता हाच परिच्छेद शब्दशः तपासू.

'घटले', 'वाढल्या', 'झाला'

मराठीत 'कमी आहे' आणि 'घटले आहे' यांत मोठे अंतर आहे. पहिले स्थितीचे वर्णन आहे, दुसरे बदलाचे. 'घटले' म्हटले की पूर्वी ते अधिक होते, हे विधान आपोआप केले जाते. एका दिवसाच्या एका नमुन्यावरून असे विधान करण्यास कोणताही आधार नसतो. या स्त्रीचे हिमोग्लोबिन लहानपणापासून अकराच्या आसपास असू शकते; तिच्या लाल पेशी जन्मापासून लहान असू शकतात. 'आकार लहान झाला आहे' यातील क्रियापदाने ती शक्यता वाचकाच्या मनातून पुसली जाते. आणि जे काही 'झाले' आहे त्याला कारण असणार, ते दूर केले की पूर्ववत होणार, हा पुढचा विचार वाचणारा स्वतःच करतो.

या नमुन्यात तो भेद केवळ वैयाकरणाच्या समाधानापुरता नाही. लहान आकाराच्या लाल पेशी आणि सीमेखालचे हिमोग्लोबिन ही जोडी लोहाच्या अभावी दिसते, तशीच ती थॅलेसेमियाच्या वाहक व्यक्तींतही दिसते. पहिली अवस्था मिळवलेली असते, दुसरी जन्मजात. वाहक व्यक्ती आजारी नसते. बहुधा तिला आयुष्यभर काही जाणवतही नाही. पण पती आणि पत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी अपत्याला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आढळते आणि हे समाज महाराष्ट्रात मोठ्या संख्येने राहतात. तेव्हा 'लोहयुक्त आहार घ्यावा' या निरुपद्रवी दिसणाऱ्या सल्ल्याने एक दार बंद होते. घरच्यांच्या दृष्टीने कारण कळलेले असते, उपायही सुरू असतो. वर्षे जातात आणि पुढची तपासणी राहून जाते.

याच्या उलट चूकही तितकीच घातक. एम.सी.व्ही.ला लाल पेशींच्या दशलक्षांतील संख्येने भागण्याचे एक गणित मेंट्झर यांनी १९७३ मध्ये मांडले. भागाकार १३ पेक्षा कमी आला तर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाकडे, अधिक आला तर लोहाच्या अभावाकडे कल, असा तो ठोकताळा. आपल्या नमुन्यात ६४ भागिले ५.६०, म्हणजे ११.४. थोडेफार वाचलेला सारांशकार हा भागाकार उत्साहाने लिहून मोकळा होतो. परंतु हा ठोकताळा दोन्ही दिशांनी चुकतो, आणि दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत एकत्रही असू शकतात. निर्णय होतो तो फेरिटिन, हिमोग्लोबिन ए-टू यांसारख्या तपासण्या व कौटुंबिक इतिहास पाहून. एवढेच नव्हे, तर लोहाचा अभाव असताना ए-टूचा आकडाही खाली येऊ शकतो. हे सर्व डॉक्टरांचे क्षेत्र आहे. तेव्हा ११.४ हा आकडा अहवालात नसताना सारांशात आणणे म्हणजे अंकगणिताच्या रूपाने केलेले निदानच होय. लग्नाचे बोलणे चालू असलेल्या घरात अशा एका ओळीची किंमत काय होते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

'कमतरता' आणि 'दोष'

'रक्ताची कमतरता' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की तो निदान आहे हे लक्षातच येत नाही. बोलीत आपण 'अंगात रक्त नाही' म्हणतो, त्याचेच हे शिष्ट रूप. अहवालात मोजलेली गोष्ट आहे हिमोग्लोबिनची संहती, रक्ताचे प्रमाण नव्हे. शिवाय 'कमी' हे विशेषण केवळ तुलना करते, तर 'कमतरता' हे नाम उणीव सांगते. उणीव भरून काढायची असते. आहाराचा सल्ला या नामातूनच उगवतो. सल्ला हा नेहमीच निदानाचा उत्तरार्ध असतो. निदान न लिहिता सल्ला लिहिला तर पूर्वार्ध वाचक भरून घेतो.

'सहा तपासण्यांत दोष' या विधानात दोन चुका आहेत. 'दोष' हा शब्द मर्यादेबाहेरच्या आकड्याला लावणे ही उघड चूक. दुसरी जरा आत दडलेली आहे. हे सहा आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. एम.सी.व्ही.ला पेशींच्या संख्येने गुणून दहाने भागले की हिमॅटोक्रिट मिळतो : ६४ गुणिले ५.६०, भागिले १०, म्हणजे ३५.८. हिमोग्लोबिनला दहाने गुणून पेशींच्या संख्येने भागले की एम.सी.एच. येतो : ११२ भागिले ५.६०, म्हणजे २०.०. हिमोग्लोबिनला हिमॅटोक्रिटने भागले की एम.सी.एच.सी. येतो. म्हणजे प्रत्यक्ष मोजमापे तीन, बाकीचे त्यांचे गुणाकार-भागाकार. एकच वस्तुस्थिती सहा ओळींत छापली गेली म्हणून रुग्णाला सहा गोष्टी बिघडल्याचे सांगणे हे आकड्यांशीही प्रामाणिक नाही.

जाता जाता एक व्यावहारिक उपयोग नोंदवावासा वाटतो. वरील गुणाकार-भागाकार सारांशकाराने अवश्य करून पाहावेत, मात्र लिहिण्यासाठी नव्हे, नकलेतील चूक पकडण्यासाठी. ५.६० चे ५.०६ झाले असेल तर हिमॅटोक्रिट ३२.४ येईल, छापील ३५.८ शी जुळणार नाही, आणि कोठेतरी अंक उलटल्याचे तत्काळ कळेल. लाखांत रूपांतर करतानाही अशा चुका होतात. ५.६० दशलक्ष म्हणजे ५६ लाख. ५ लाख ६० हजार नव्हे. प्लेटलेटच्या रकान्यात २४५ छापलेले असते ते हजारांत असते, हे एकक न पाहता लिहिणाऱ्यास कळणार नाही.

'नॉर्मल'

या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. पूर्वी अहवालांत 'नॉर्मल व्हॅल्यूज' असेच छापत. १९६९ मध्ये फिनलंडमधील राल्फ ग्रेसबेक आणि सारिस यांनी त्याऐवजी 'संदर्भ मूल्ये' ही कल्पना मांडली आणि पुढे आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती स्वीकारली. कारण असे की 'नॉर्मल' या एका शब्दात सरासरी, निरोगी, इष्ट आणि सर्वत्र आढळणारे असे अनेक अर्थ मिसळले होते. नव्या संज्ञेने दावा लहान केला : विशिष्ट निकषांनी निवडलेल्या व्यक्तींच्या गटात हे आकडे आढळले, त्यांच्याशी तुमचा आकडा ताडून पाहा, याहून अधिक काही नाही. ज्या शास्त्राने निदानाचा वास येतो म्हणून हा शब्द टाकला, त्याच शास्त्राच्या अहवालाचा मराठी सारांश तो पुन्हा आणून ठेवतो, हे चमत्कारिक आहे.

संदर्भ मर्यादा ठरवण्याची प्रचलित रीत अशी : निदान १२० निरोगी व्यक्तींचे आकडे घ्यावेत, ते क्रमाने लावावेत आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के ठेवावेत. म्हणजे व्याख्येनेच वीस निरोगी व्यक्तींपैकी एकीचा आकडा मर्यादेबाहेर पडणार. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी व्यक्तीच्या केल्या, तर किमान एक आकडा बाहेर असण्याची शक्यता ६४ टक्के भरते. दुसरीकडे, मर्यादेच्या आत असणे हीदेखील निरोगीपणाची ग्वाही नव्हे. एखाद्याचे हिमोग्लोबिन नेहमी १४.६ असते आणि आज १२.४ आले, तर स्त्रियांच्या मर्यादेत ते बसते. पण त्या व्यक्तीपुरता तो मोठा फरक असतो. म्हणून 'काळजीचे कारण नाही' हे वाक्यही निदानच आहे, फक्त दिलासा देणारे. रुग्णाला घाबरवू नये या सद्हेतूने ते लिहिले जाते. हेतू मान्य, वाक्य अमान्य.

मर्यादेच्या रकान्यात छापलेले सर्वच आकडे या रीतीने आलेले नसतात, हेही ध्यानी घ्यावे लागते. एम.सी.व्ही.ची ८३ ते १०१ ही मर्यादा निरोगी लोकांतील वितरणावरून आली आहे. स्त्रियांच्या हिमोग्लोबिनसाठी १२ ही सीमा मात्र जागतिक आरोग्य संघटनेने पंडुरोग ठरवण्यासाठी १९६८ मध्ये घेतली आणि २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी कायम ठेवली. ती निर्णयासाठी आखलेली रेषा आहे. एचबीए१सीच्या अहवालात तर ६.५ टक्के व अधिक यासमोर मधुमेह हा शब्द छापलेलाच असतो. येथे सारांशकाराची खरी अडचण होते. छापलेले गाळले तर सारांश अपुरा, आणि 'तुम्ही मधुमेहाच्या गटात येता' असे लिहिले तर अट मोडली. माझ्या मते येथे कर्ता स्पष्ट करणे हाच मार्ग आहे : 'अहवालात प्रयोगशाळेने पुढील वर्गवारी छापली आहे' असे म्हणून ती जशीच्या तशी द्यावी, आकडा वेगळ्या वाक्यात द्यावा, आणि व्यक्तीला वर्गात बसवणारे तिसरे वाक्य लिहू नये. वाचक ते मनात जोडेल हे खरे; परंतु छापील वर्गवारी आणि एका व्यक्तीबाबतचा निष्कर्ष यांमध्ये डॉक्टरांची पुनर्तपासणी असते आणि ती जागा मोकळी राहिली पाहिजे.

अंतर, क्रम आणि मौन

अहवालात मर्यादेखालच्या प्रत्येक आकड्यापुढे इंग्रजी 'एल' हे एकच अक्षर असते. हिमॅटोक्रिटचा ३५.८ सीमेपासून ०.२ ने दूर आहे, एम.सी.व्ही.चा ६४ तब्बल १९ ने, अक्षर एकच. हे अंतर रुग्णाला कळावे, पण 'किंचित', 'खूपच', 'चिंताजनक' ही विशेषणे टाळावीत. हिमॅटोक्रिटमध्ये ०.२ चा फरक नगण्य असतो, तर रक्ताच्या पी.एच.मध्ये, जिची मर्यादा ७.३५ ते ७.४५ आहे, तितकाच फरक प्राणावर बेततो. अंतर आकड्यातच सांगावे. वरच्या वाक्यात 'तब्बल' मीही लिहून गेलो. समीक्षकाला ते चालेल, सारांशकाराला नाही.

क्रमाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कमी हिमोग्लोबिन आणि जास्त लाल पेशी या दोन ओळी उचलून शेजारी ठेवल्या की जाणत्या वाचकाला सूचना मिळते, एम.सी.व्ही. आणि आहार शेजारी ठेवले की दुसरी. निवड आणि मांडणी हेही अर्थनिर्णयनच आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. यावर संपूर्ण उपाय नाही. त्यातल्या त्यात अहवालाचा मूळ क्रम न मोडणे आणि मर्यादेबाहेरचे सर्व आकडे देणे, हे दोन नियम लिहिणाऱ्याचा हात बांधून ठेवतात.

मौनालाही मर्यादा आहे. हिमोग्लोबिन ४.८ किंवा पोटॅशियम ६.९ असे आकडे आले तर प्रयोगशाळा स्वतःच डॉक्टरांना तातडीने कळवतात. अशा वेळी 'हा अहवाल आजच डॉक्टरांना दाखवा' असे सारांशात लिहिणे हे निदान नव्हे. ते न लिहिणे मात्र अटीच्या आड लपणे ठरेल. तसेच अहवालावर वय किंवा लिंग चुकीचे नोंदले गेल्यास छापलेली मर्यादाच चुकते. स्त्रीच्या अहवालात हिमोग्लोबिनसमोर १३ ते १७ छापलेले दिसले, तर ती पुरुषांची मर्यादा आहे हे ओळखून सारांश थांबवावा व प्रयोगशाळेकडे विचारणा करावी. गर्भवती स्त्रीबाबतही तेच. पंडुरोगाची सीमा तिच्यासाठी तिमाहीनुसार ११ किंवा १०.५ आहे आणि सर्वसाधारण मर्यादा तिला लागू पडत नाही.

नमुन्याचे पुनर्लेखन

वरील विवेचनाच्या आधारे त्याच अहवालाचा सारांश पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

"हा सारांश आपल्या रक्तगणनेच्या अहवालाचा आहे. अहवालावर स्त्री, वय २४ अशी नोंद आहे. ती बरोबर नसल्यास किंवा आपण गर्भवती असल्यास खालील मर्यादा आपल्याला लागू होणार नाहीत, म्हणून आधी तसे कळवावे. 'संदर्भ मर्यादा' म्हणजे तुलनेसाठी प्रयोगशाळेने छापलेले आकडे. काही निरोगी व्यक्तींचे आकडेही या मर्यादेबाहेर असतात आणि मर्यादेच्या आत असलेला आकडा म्हणजे आजार नाही असेही नव्हे.

हिमोग्लोबिन ११.२ नोंदले आहे, मर्यादा १२.० ते १५.०; खालच्या सीमेपेक्षा ०.८ कमी. लाल पेशी ५६ लाख. मर्यादा ३८ ते ४८ लाख. वरच्या सीमेपेक्षा ८ लाख जास्त. हिमॅटोक्रिट ३५.८, मर्यादा ३६ ते ४६, ०.२ कमी. लाल पेशीचे सरासरी आकारमान ६४; मर्यादा ८३ ते १०१; १९ ने कमी. एका पेशीतील हिमोग्लोबिन २०.०, मर्यादा २७ ते ३२, ७ ने कमी. पेशींतील हिमोग्लोबिनची संहती ३१.३, मर्यादा ३१.५ ते ३४.५, ०.२ कमी. आर.डी.डब्ल्यू. १३.८, पांढऱ्या पेशी ७,२०० आणि प्लेटलेट २ लाख ४५ हजार हे आकडे छापलेल्या मर्यादेत आहेत. लाल पेशींसंबंधीचे आकडे परस्परांवर अवलंबून असतात. त्यांची वेगवेगळी बेरीज करू नये.

या आकड्यांचे कारण या एका अहवालावरून सांगता येत नाही. मूळ अहवाल, पूर्वीचे अहवाल असल्यास तेही, डॉक्टरांना दाखवावेत. त्यांनी पाहण्यापूर्वी या अहवालाच्या आधारे कोणतेही औषध सुरू किंवा बंद करू नये."

हा मजकूर पहिल्यापेक्षा लांब आहे आणि कोरडाही आहे. शिबिरात रांगेत उभ्या असलेल्या स्त्रीला तो वाचून दाखवला तर ती बहुधा विचारेल, "म्हणजे मला झालंय काय?" पहिल्या सारांशाने तिला हा प्रश्न पडू दिला नव्हता. आता तो प्रश्न घेऊन ती डॉक्टरांकडे जाईल आणि तिच्या हातातील कागदावर त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले नसेल.